माल कुठे थांबवायचा?

नांदेडच्या वितरकाकडे शंभर मिलीच्या तेलाची एकही पेटी शिल्लक नाही आणि त्याच दिवशी बार्शीच्या वितरकाच्या गोदामात त्याच तेलाच्या साठ पेट्या पडून आहेत, हे चित्र साबण, तेल, बिस्किटांच्या धंद्यातल्या कुणालाही नवं नाही. कंपनीचा एरिया मॅनेजर नांदेडच्या फोनवर ‘माल शॉर्ट आहे’ म्हणून सांगतो. माल शॉर्ट नसतो. तो चुकीच्या गावात असतो. बार्शीचा माल नांदेडला पाठवायचा म्हटलं तर तो बार्शीच्या वितरकाने पैसे भरून घेतलेला असतो. म्हणजे आधी परतीची नोंद, मग क्रेडिट नोट, नांदेडच्या नावाने नवं बिल, गाडीभाडं आणि चढउतारात चेपलेल्या पेट्यांवरून वाद. एवढी उठाठेव साठ पेट्यांसाठी कुणी करत नाही. कंपनी नांदेडसाठी नवा माल बनवते आणि बार्शीचा माल एक्सपायरीची वाट पाहत राहतो.

या साखळीत साधारण तीन पायऱ्या असतात. वर कंपनीचं मध्यवर्ती गोदाम, मध्ये गावोगावचे वितरक म्हणजे एजन्सीवाले, आणि खाली किराणा दुकानं. आपल्याकडे वरच्या पायरीचं नाव घ्यायचं तर भिवंडीचं घ्यावं लागेल. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या उंबऱ्याशी आणि आग्रा रोडवर, त्यामुळे तिथे गोदामांची गावंच्या गावं वसली. देशभरात मात्र बराच काळ गोदाम कुठे असावं हे मागणीने नाही, विक्रीकराने ठरवलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि त्याची वजावट खरेदीदाराला मिळत नसे. कंपनीने स्वतःच्याच डेपोत माल हलवला तर तो लागत नसे. म्हणून जवळपास प्रत्येक राज्यात एक डेपो, गरज असो वा नसो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ते कारण संपलं. तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी लहान डेपो बंद करून मोठी, मोजकी गोदामं ठेवली. माल किती ठिकाणी विभागून ठेवायचा हा प्रश्न तेव्हा खऱ्या अर्थाने धंद्याच्या हिशेबाचा झाला.

तो हिशेब समजण्यासाठी एक कंपनी कल्पू. कारखाना हिमाचलातल्या बद्दीला, गोदाम भिवंडीला, आणि महाराष्ट्रात सोळा वितरक. आपण बोलतोय ते एकाच वस्तूबद्दल, शंभर मिलीच्या तेलाच्या बाटलीबद्दल. पेटीत ४८ बाटल्या, पेटीची किंमत वितरकाला २,००० रुपये. लातूरचा वितरक रोज सरासरी दहा पेट्या दुकानदारांना विकतो, म्हणजे कामाच्या २५ दिवसांत २५०. बाकीचे पंधराही तेवढेच विकतात असं सोयीसाठी धरू.

महिन्याची सरासरी २५० असली तरी एखाद्या महिन्यात उठाव ३१० वर जातो, एखाद्यात १९० वर येतो. प्रत्येक वितरकाने महिनाभराचा माल एकदम घ्यायचा ठरवलं, तर वाढीव मागणीसाठी प्रत्येकाला साठ पेट्या जास्तीच्या ठेवाव्या लागतील. सोळा जणांच्या मिळून ९६०. पण सोळाही गावांत एकाच महिन्यात मागणी वाढते असं सहसा होत नाही. लातुरात वाढते तेव्हा साताऱ्यात कमी झालेली असते. सगळ्यांची बेरीज केली की हे चढउतार एकमेकांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. संख्याशास्त्राचा नियम असा की, गावांची मागणी एकमेकांशी बांधलेली नसेल तर सोळा गावांच्या बेरजेतला चढउतार एका गावाच्या सोळा पट नसतो, सोळाच्या वर्गमुळाइतका म्हणजे चौपट असतो. तेव्हा भिवंडीत २४० पेट्या जास्तीच्या ठेवल्या की जे काम गावोगावच्या ९६० पेट्या करत होत्या ते होतं. शिवाय भिवंडीतली पेटी कुणाच्याच नावाची नसते; ती नांदेडलाही जाऊ शकते आणि बार्शीलाही. बार्शीत उतरलेली पेटी बार्शीचीच.

इथवर वाचून सगळा माल भिवंडीतच ठेवावा असं वाटेल. पण भिवंडीतलं तेल लातूरच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही. दुकानात बाटली नसेल तर गिऱ्हाईक दोन दिवस थांबत नाही, शेजारच्या कंपनीची उचलतं. म्हणून खालच्या पायऱ्यांवर माल हवाच. किती हवा, हे त्या पायरीवर विक्री किती यावर जितकं ठरतं, तितकंच पुढचा माल किती दिवसांनी येणार यावरही ठरतं. धंद्यात हा दुसरा भाग फार वेळा विसरला जातो. ‘महिन्याची विक्री इतकी, म्हणून स्टॉक इतका’ असं सरळ टक्क्यात बांधलं जातं, आणि माल दर महिन्याला येतो की आठवड्यातून दोनदा, हे विचारलंच जात नाही.

लातूरचा वितरक महिन्याला एकदा ऑर्डर देतो असं धरा. त्याच्याकडे २५० पेट्या उतरतात आणि हळूहळू संपतात, म्हणजे सरासरी १२५ पडून असतात. त्यावर खबरदारीच्या साठ. मिळून १८५ पेट्या, रुपयांत ३ लाख ७० हजार, आणि तेही एकाच वस्तूत. आता तोच वितरक दर सोमवारी आणि गुरुवारी ऑर्डर देऊ लागला आणि माल तिसऱ्या दिवशी पोचू लागला तर? सोमवारी ऑर्डर दिली की त्यानंतरची ऑर्डर गुरुवारी आणि तिचा माल शनिवारी. म्हणजे सोमवारी जो निर्णय घेतला त्याला सहा दिवस तग धरायचा आहे. सहा दिवसांची सरासरी विक्री साठ पेट्या. जोराचा आठवडा असला तर नव्वद. म्हणून हातातला आणि वाटेतला मिळून नव्वद पेट्यांचा नॉर्म ठरवायचा आणि दर ऑर्डरीला तेवढा भरून काढायचा. जेवढं विकलं तेवढंच मागवायचं, अंदाज नाही, टार्गेट नाही. यातल्या काही पेट्या कायम वाटेत असतात, त्यामुळे गोदामात प्रत्यक्ष सरासरी ५५ च्या आसपास दिसतात. १ लाख १० हजार रुपये.

वितरकाला पाच टक्के सुटतात असं धरलं तर महिन्याच्या पाच लाखांच्या विक्रीवर त्याला २५ हजार मिळतात, आणि त्यातून सेल्समनचा पगार, टेम्पो, गोदामाचं भाडं. तेच २५ हजार पावणेचार लाख अडकवून कमवायचे की सव्वा लाखाच्या आत, एवढा हा फरक आहे. एजन्सी सोडणारे वितरक कमिशन कमी असल्याची तक्रार करतात. त्यातल्या अनेकांचं खरं दुखणं मालात अडकलेल्या पैशाचं असतं.

बाकीचा माल हवेत जात नाही हेही लक्षात घ्यायला हवं. सोळा वितरकांकडच्या पेट्या २,९६० वरून ८८० वर आल्या तर भिवंडीचा साठा वाढावा लागतो, कारण बद्दीचा कारखाना रोज तेच तेल भरत नाही. पंधरवड्यातून एकदा त्याची बॅच लागते आणि ट्रकला यायला पाच-सहा दिवस जातात. त्या सगळ्या काळाला पुरेल असा साठा भिवंडीत हवा. या उदाहरणात तो सरासरी १,२०० पेट्यांच्या जवळ जातो. तरीही दोन्ही मिळून २,१०० च्या आत बसतात. आधी वितरकांकडेच २,९६० होत्या आणि भिवंडीतला माल वेगळा. साठा कमी झाला हा फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा हा की उरलेल्या साठ्यातला निम्म्याहून जास्त भाग कुणाच्याच नावावर लागलेला नाही.

दुकानाची पायरी दिसायला सगळ्यात लहान. लातूरच्या वितरकाकडून ४८० दुकानं हे तेल घेतात आणि प्रत्येक दुकानातून आठवड्याला सहा बाटल्या जातात. बीटवरचा सेल्समन ठरल्या वारी येतो, ऑर्डर घेतो, दुसऱ्या दिवशी टेम्पो माल टाकतो. म्हणजे दुकानदाराला आठवडा आणि वर एक दिवस काढायचा आहे. दहा-अकरा बाटल्यांपर्यंत भरून घेतलं की जोराचा आठवडाही निघतो. फळीवर सरासरी आठ बाटल्या उभ्या राहतात. आठ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ४८० दुकानं गुणिले आठ केल्या की ३,८४० बाटल्या होतात, म्हणजे ८० पेट्या. वितरकाच्या गोदामात ५५ आणि त्याच्या दुकानांच्या फळ्यांवर ८०! सगळ्यात लहान दिसणाऱ्या पायरीवर वितरकापेक्षा जास्त माल असतो, फक्त तो ४८० ठिकाणी विखुरलेला असल्यामुळे कुणाच्या डोळ्यात येत नाही आणि कुणाच्या स्टॉक रिपोर्टमध्येही येत नाही.

म्हणून स्कीम लावताना जपावं लागतं. ‘दोन डझन घेतले तर दोन बाटल्या फुकट’ अशी स्कीम लागली आणि प्रत्येक दुकानदाराने दोन डझन घेतले, तर एका आठवड्यात वितरकाची विक्री ६० पेट्यांऐवजी २४० होते. ऑफिसात टाळ्या वाजतात. गिऱ्हाइकाने मात्र एकही बाटली जास्त घेतलेली नसते; केसांना तेल लागायचं तेवढंच लागतं. दुकानात चार आठवड्यांचा माल चढला, एवढंच घडलं. पुढचे तीन आठवडे सेल्समन दुकानाच्या पायरीवरून ‘आहे अजून’ ऐकून परततो, वितरकाची ऑर्डर थांबते, आणि भिवंडीत बसलेल्याला वाटतं की तेलाची मागणी पडली. मागच्या आठवड्यात त्याला ती चौपट झाल्यासारखी वाटली होती. ती वाढलीही नव्हती आणि पडलीही नाही. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अनुभवांवरून हेच मांडलं होतं: बाळांच्या डायपरची खपत जवळपास स्थिर असताना घाऊक ऑर्डरी मात्र जोरात हेलकावत होत्या, आणि साखळीत जितकं वर जावं तितका हेलकावा मोठा होत होता.

दुकानात खोल साठा नको, रुंद साठा हवा. ‘दिसतं ते विकतं’ हे दुकानदार म्हणतात ते खरंच आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येक प्रकाराच्या दोन-चार बाटल्या दिसाव्यात असा आहे. एकाच प्रकाराचा थप्पा मागच्या खोलीत लागला तर तो दिसतही नाही. इथे पेटीचा आकार आड येतो. तेलाची अर्धा लिटरची बाटली एखाद्या दुकानात महिन्याला एक जाते. ती बारा-बाराच्या पेटीतच विकायची असा कंपनीचा नियम असेल तर त्या दुकानदाराने वर्षभराचा साठा करायचा किंवा ती वस्तू ठेवायचीच नाही. तो शहाणा असतो, ठेवत नाही. मग कंपनी म्हणते, ग्रामीण भागात मोठ्या पॅकला मागणी नाही. पेटी फोडून सुट्या बाटल्या द्यायची मुभा, किंवा सहा बाटल्यांचं आतलं पॅकिंग, एवढ्याने हा प्रश्न अनेकदा सुटतो. कमी खपाच्या वस्तूंचा माल दुकानातून शक्य तितका वर खेचायचा, वितरकाकडे एखादी उघडी पेटी आणि बाकी सगळं भिवंडीत, ही विभागणी अशा वेळी बरोबर ठरते. मिक्सरच्या सुट्या भागांसारख्या वस्तूंत तर गिऱ्हाईक दोन दिवस थांबायला तयार असतं, तिथे दुकानात काहीच नसलं तरी चालतं.

आता तुटवड्याचा प्रसंग घेऊ, कारण विभागणीची खरी परीक्षा तिथे होते. आपली सोळाही वितरकांची विक्री सारखी धरलेली सोय आता बाजूला ठेवू आणि तिघांकडे पाहू. बद्दीचं भरण्याचं मशीन बंद पडलंय. भिवंडीत या तिघांसाठी १८० पेट्या आहेत आणि पुढचा माल यांच्या दारात पोचायला कामाचे आठ दिवस लागणार आहेत. लातूर रोज दहा पेट्या विकतं, हातात वीस आहेत. नांदेड रोज पंधरा विकतं, हातात तीस. बार्शी रोज पाच विकतं आणि हातात साठ आहेत. माल शॉर्ट होणार ही कुणकुण तिघांना लागलेली आहे, म्हणून ऑर्डरी फुगल्यात: लातूर १००, बार्शी १००, नांदेड १६०. एकूण ३६०.

गोदामातला माणूस सरळमार्गी असेल तर ‘सगळ्यांना निम्मं’ म्हणतो. लातूरला ५०, बार्शीला ५०, नांदेडला ८०. दिसायला याहून न्याय्य काही नाही. पण हातातला माल मिळवून पाहा. लातूरकडे ७० झाल्या, सात दिवसांच्या. नांदेडकडे ११०, सात दिवसांना थोड्या जास्त. बार्शीकडे ११०, बावीस दिवसांच्या. आठव्या दिवशी लातूर आणि नांदेड रिकामे आणि बार्शीत अजून चौदा दिवसांचा माल. ज्याने जास्त मागितलं त्याला जास्त मिळालं, हे पुढच्या वेळी लातूर आणि नांदेडही लक्षात ठेवणार. पुढच्या तुटवड्यात ऑर्डरी ३६० वर थांबणार नाहीत.

ऑर्डर बाजूला ठेवून दिवसांचा हिशेब करायचा. बार्शीकडे आधीच बारा दिवसांचा माल आहे, त्याला काही द्यायचं नाही. भिवंडीतल्या १८० आणि लातूर-नांदेडच्या हातातल्या ५० मिळून २३०. दोघांची रोजची विक्री मिळून २५. म्हणजे दोघांनाही ९.२ दिवस पुरेल असा माल करता येतो. लातूरला ७२ आणि नांदेडला १०८. तिघांपैकी कुणाचंही दुकान रिकामं होत नाही. आणि १८० च्या १८० सोमवारी पाठवायची घाईही करू नये. गुरुवारची गाडी आहेच. सोमवारी पुढच्या गाडीपर्यंत पुरेल तेवढं द्यायचं, उरलेलं भिवंडीत धरून ठेवायचं आणि तीन दिवसांत नांदेडची विक्री अचानक वाढली की लातूरची, ते पाहून वाटायचं.

यासाठी भिवंडीला बार्शीच्या हातातल्या साठ पेट्या दिसायला हव्यात, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी गाडं अडतं. अँड्र्यू क्लार्क आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६० मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात पायऱ्यापायऱ्यांच्या साठ्याचं गणित मांडलं, त्यातली मुख्य कल्पना आजही जशीच्या तशी लागू आहे. वरच्या पायरीने फक्त आपल्या छपराखालचा माल मोजायचा नाही. आपल्याखालच्या सगळ्या पायऱ्यांवरचा आणि वाटेतल्या ट्रकमधला माल मिळवून जी बेरीज येते ती आपली शिल्लक समजायची, आणि कारखान्याला मागणी त्या बेरजेवरून लावायची. वितरकांच्या ऑर्डरीवरून नाही. सेल्समनच्या मोबाइलवर ऑर्डर घेतली जाऊ लागल्यापासून वितरकाने दुकानदाराला केलेली विक्री, धंद्याच्या भाषेत ‘सेकंडरी’, रोजच्या रोज कळू शकते. तरी बऱ्याच कंपन्यांची मीटिंग ‘प्रायमरी’वर, म्हणजे कंपनीने वितरकाला केलेल्या विक्रीवर चालते.

कारण कंपनीच्या पुस्तकात विक्री तिथेच पडते. माल भिवंडीतून निघाला, बिल झालं, की तो विकला गेला. तो लातूरच्या गोदामात पडलाय की कुणाच्या डोक्याला लागलाय, याचा महिन्याच्या आकड्याशी संबंध नाही. मग महिनाअखेरीला टार्गेट भरायला फोन सुरू होतात, ‘दादा, एवढ्या शंभर पेट्या उचला, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू.’ संबंध टिकवायला दादा उचलतात. भिवंडीत, कुणाच्याही नावाचा नसलेला, हवा तिकडे वळवता येणारा माल त्या शेवटच्या आठवड्यात सोळा गावांत कायमचा चिकटून बसतो, आणि एक तारखेला भिवंडी रिकामी असते. वर केलेला सगळा हिशेब या चार-पाच दिवसांत उलटा होतो. एखाद्या कंपनीची साठ्याची विभागणी बिघडली आहे का हे पाहायला फार खोलात जावं लागत नाही. महिन्याच्या प्रायमरीतला किती भाग शेवटच्या आठवड्यात गेला ते पाहावं. गिऱ्हाईक आठवड्याला सारखंच तेल घेतं, तेव्हा तो साधारण पाव भाग असायला हवा. तो निम्म्याच्या वर असेल तर माल ओढला जात नाही, ढकलला जातोय. दुसरी खूण म्हणजे एकाच वस्तूचे तुटवड्याचे निरोप आणि एक्सपायरीचे क्लेम एकाच महिन्यात येणं. तिसरी खूण बाजारात सापडते: जास्तीचा माल झालेला वितरक तो स्वस्तात दुसऱ्याच्या एरियात सोडतो, आणि तिथला वितरक भांडायला फोन करतो.

नॉर्म एकदा ठरवून भिंतीवर लावायचाही नसतो. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांच्या पद्धतीत तो नव्वदचा आकडा तीन भागांत वाटतात आणि शिल्लक कोणत्या भागात घोटाळते यावर नजर ठेवतात. लातूरची शिल्लक माल उतरायच्या आदल्या दिवशी तिशीच्या आसपास असणं ठीकच आहे. ती वारंवार दहाच्या खाली जाऊ लागली तर नॉर्म एक तृतीयांशाने वाढवून १२० करायचा. साठच्या खाली कधी येतच नसेल तर कमी करून साठ. उठावाचा अंदाज बांधण्यात डोकं घालण्यापेक्षा हे सोपं पडतं, आणि चुकलं तरी पंधरवड्यात कळतं.

भिवंडीच्या बाबतीत एक गोष्ट थोडी उलटी वाटेल. तिथे एखादी वस्तू एखादा दिवस संपली तर लगेच आकाश कोसळत नाही, कारण वितरकाचा साठा तो दिवस झाकतो. दुकानात संपली तर विक्री तिथल्या तिथे जाते. त्यामुळे भिवंडीत प्रत्येक वस्तू सदासर्वकाळ हजर राहावी म्हणून भारंभार साठा करणं हा पैशाचा अपव्ययच. आवश्यक आहे ते दुकानात सातत्य राखणं. वरच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

या पद्धतीला दोन ठिकाणी मर्यादा पडतात. पहिली भाड्याची. आठवड्यातून दोनदा तीस-तीस पेट्या लातूरला पाठवायच्या म्हटलं तर भाडं परवडत नाही. पण कंपनीकडे एकच वस्तू नसते. चाळीस वस्तूंच्या थोड्या-थोड्या पेट्या मिळून गाडी भरते. तरीही नाही भरली तर भिवंडी, पुणे, बार्शी, लातूर, नांदेड अशी एकच गाडी वाटेत माल उतरवत जाऊ शकते. महिन्याला एका वस्तूची भरलेली गाडी पाठवायची सवय लागलेल्या कंपनीला हे अवघड वाटतं, कारण त्यासाठी गोदामात रोज मिश्र माल काढून लावावा लागतो आणि त्याला माणसं लागतात. तो खर्च खरा आहे. तो मोजून वितरकाकडचा वाचलेला साठा आणि एक्सपायरीचे क्लेम यांच्यासमोर ठेवायला हवा.

दुसरी मर्यादा दिवाळीची. सोळा गावांचे चढउतार एकमेकांना खातात हे गणित गावांची मागणी वेगवेगळी हलते या गृहीतावर उभं आहे. दिवाळीत सोळाही गावांत उटणं, सुगंधी तेल आणि साबण एकाच आठवड्यात उचलले जातात, आणि त्याच आठवड्यात ट्रक मिळत नाहीत, मिळाले तर भाडं चढलेलं असतं. तेव्हा भिवंडीत धरून ठेवलेला माल भिवंडीतच राहतो. म्हणून दिवाळीचा माल मुद्दाम खाली ढकलावा लागतो, आणि तो क्रमाने: नांदेड, गडचिरोलीसारखी लांबची ठिकाणं आधी, पुणे-नाशिक शेवटी, कारण पुण्याला एका रात्रीत पुन्हा गाडी पाठवता येते. सगळाच माल पाठवायचाही नाही. साधारण तीन-चतुर्थांश आधी जावा आणि उरलेला वसुबारसेच्या आठवडाभर आधी, दुकानांतली पहिली विक्री पाहून. तेल-साबण उरले तर ते पुढच्या महिन्यात नेहमीच्या विक्रीत जिरतात, नॉर्म तेवढे दिवस भरून काढला नाही की झालं. उटण्याचं तसं नाही. भाऊबीज झाली की ते पुढच्या वर्षापर्यंत कुणी विचारत नाही, त्यामुळे उटण्याचा शेवटचा हिस्सा जवळच्या गावांपुरताच भिवंडीत ठेवतात आणि लांबच्या वितरकाला एकदाच, थोडं हात आखडूनच देतात.